कुरळ्या केसांचा रंग उतरवा, वळण नको

ब्लीच केसातला काळा रंग जाळतं, तसेच केसाला आकार देणारे गंधकाचे बंधही तोडतं. ते तुटले की वळण सैल पडतं आणि घरचा कुठलाही मास्क ते परत जुळवत नाही. म्हणून काळ्या केसांसाठी माझा सल्ला एकच: नारिंगी छटा आली की थांबा. रंगद्रव्याचा काळा भाग आधी निघतो, तांबूस भाग चिवट असतो. त्याला हटवून पिवळ्यापर्यंत पोहोचण्याच्या नादातच बहुतेकींचे कुरळे केस सरळसोट लोंबायला लागतात.

खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले काळे केस आहेत आणि कॅरॅमल रंगाच्या बटा हव्यात, असं समजा. मेंदी लावत असाल तर आधी पाकीट वाचा. धातूचे क्षार मिसळलेली मेंदी असेल तर ब्लीच लावूच नका, केस तापून तुटू शकतात.

दोन दिवस आधी टोनरची, म्हणजे ब्लीचनंतर छटा सुधारणाऱ्या रंगाची, त्वचेवर चाचणी घ्या आणि मानेजवळची एक लपलेली बट ब्लीच करून बघा. धुतल्यावर ती ओली असतानाच हलकेच ताणा. सोडल्यावर मागे आली तर ठीक. च्युइंगगमसारखी लांबत राहिली तर बेत रद्द. मग काहीही न लावता वाळू द्या आणि शेजारच्या न रंगवलेल्या बटेशी वळण ताडून बघा. ही तुलना कंटाळवाणी वाटते, पण खरा निकाल तिथेच लागतो.

प्रत्यक्ष लावताना केस कोरडे आणि आपल्या नैसर्गिक वळणात असू द्या. विंचरून सरळ केले तर रंग कुठे पडेल याचा अंदाज चुकतो. हातमोजे घालून ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा, डेव्हलपर पाकिटावरच्या प्रमाणात घट्ट कालवा. ४० व्हॉल्यूमच्या वाटेला जाऊ नका. निवडक बटांवर ब्रशने वरवर फासा आणि मुळाशी दोन बोटं जागा सोडा, कारण टाळूच्या उष्णतेने तिथे रंग झपाट्याने उतरतो. टोकं जुनी आणि कमकुवत असतात, ती शेवटी घ्या. हेअर ड्रायरची ऊब नको.

दर पाच मिनिटांनी एका बटेवरचं ब्लीच पुसून रंग बघा. नारिंगी दिसताच कोमट पाण्याने धुवा. पाकिटावरची कमाल वेळ संपली आणि रंग अजून तपकिरीच असला, तरीही धुवा.

नारिंगीचं कॅरॅमल करायचं काम टोनरचं. निळसर झाक असलेला अमोनियारहित टोनर सौम्य डेव्हलपरसोबत लावला की भडकपणा दबतो. तो काही आठवड्यांत फिका पडतो. तेव्हा पुन्हा टोनरच लावा. ब्लीच फक्त नव्याने वाढलेल्या भागावर, जुन्या बटांवर दुसऱ्यांदा नाही.