अ‍ॅपमधली एपीआय की काढताना: तयारीची यादी

गेल्या वेळी मी एसएमएस पाठवायची एपीआय की अँड्रॉइड अ‍ॅपच्या कोडमधून काढली, सर्व्हरवर हलवली, नवी आवृत्ती प्ले स्टोअरवर चढवली आणि काम झालं असं धरून चाललो. अ‍ॅप दूध संकलन केंद्रांचं, त्यात शेतकरी मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून शिरतात. चौथ्या दिवशी सकाळी एसएमएसचा बॅलन्स शून्य. रात्रीतून आमच्याच ओटीपीचे हजारो मेसेज अनोळखी नंबरांवर गेले होते. भारतात मेसेजचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर आधी मंजूर असावा लागतो, म्हणून चोरट्याला जाहिराती पाठवता आल्या नाहीत. पण कुणाच्या फोनवर ओटीपीचा मारा करायला तो मंजूर मजकूर पुरला. सकाळी शेतकरी लॉगिन करायला आले तेव्हा त्यांना पाठवायला एक मेसेजही शिल्लक नव्हता. कारण एकच: जुनी की मी रद्द केली नव्हती. तेव्हा ही यादी वाचताना बाकी काही विसरलात तरी चालेल, जुनी की रद्द करायला विसरू नका.

आधी कुठली की खरंच गुप्त आहे ते ठरवा. नकाशाची की अ‍ॅपमध्ये दिसणारच. तिला गूगल क्लाउड कन्सोलमध्ये पॅकेजचं नाव आणि सहीच्या सर्टिफिकेटचा SHA-1 यांचं बंधन घाला आणि ती फक्त नकाशाच्या एपीआयपुरती ठेवा. फायरबेसच्या `google-services.json` मधली की सुद्धा प्रकल्पाची ओळख सांगते, तिथे खरा पहारा डेटाबेसच्या नियमांचा असतो. मात्र जी की हातात आल्यावर कुणीही तुमच्या खात्यातून पैसे खर्च करू शकतो किंवा दुसऱ्याची माहिती वाचू शकतो, ती अ‍ॅपमध्ये नको. एसएमएसची की त्यातलीच.

'आमची की `local.properties` मध्ये आहे, गिटमध्ये नाही' हे मला रोज ऐकावं लागतं. ती गिटमध्ये नाही एवढंच खरं. बिल्ड होताना ती `BuildConfig` मधून एपीकेमध्ये जातेच. कंपायलर ती स्ट्रिंग जिथे वापरली तिथे थेट बसवतो, आणि R8 क्लासची नावं बदलतो, स्ट्रिंग नाही. विश्वास बसत नसेल तर एपीके ही झिप फाइलच आहे, उघडून बघा. खाली `a7Kq9` च्या जागी तुमच्या कीची पहिली काही अक्षरं घाला:

```
unzip -o app-release.apk -d out
grep -rl 'a7Kq9' out
```

`out/classes.dex` सारखं कुठल्याही फाइलचं नाव आलं तर की उघड्यावर आहे. काही आलं नाही तरी लगेच निश्चिंत होऊ नका. बेस६४ करून किंवा बारीक तुकडे जोडून लपवलेली की grep ला सापडेलच असं नाही, पण jadx सारख्या डिकंपायलरमध्ये तो कोड वाचणाऱ्याला दहा मिनिटांत सापडते. सी++ च्या `.so` फाइलमध्ये टाकल्यानेही फार तर जरा जास्त वेळ लागतो.

म्हणून एसएमएसचं काम सर्व्हरकडे द्या. अ‍ॅपने फक्त मोबाइल नंबर पाठवायचा. ओटीपी तयार करणं, पाठवणं आणि तपासणं ही तिन्ही कामं सर्व्हरची. इथे एक खड्डा आहे. नंबर दिला की ओटीपी पाठवणारा तुमच्या सर्व्हरचा पत्ता आता कुणीही वापरू शकतो, म्हणजे की लपली तरी मारा चालूच. एका नंबरला आणि एका आयपीला किती वेळा ओटीपी द्यायचा याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात एकाच आयपीमागे पुष्कळ गिऱ्हाइकं असतात, म्हणून आयपीची मर्यादा सैल आणि नंबरची कडक ठेवा.

आता मी विसरलो ते. कोडमधून की काढली म्हणून ती जगातून जात नाही. जुना एपीके लोकांच्या फोनमध्ये आहे, एपीके साठवणाऱ्या साइटवर असू शकतो, आणि की कधी कमिट झाली असेल तर गिटच्या इतिहासातही आहे. हे चालवून बघा:

```
git log --all --oneline -S 'a7Kq9'
```

एक जरी ओळ आली तरी की फुटली असं धरा. इतिहास पुसत बसण्याआधी की रद्द करा. ज्यांनी रेपो आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडची प्रत तुम्ही पुसू शकत नाही. रद्द झालेली की इतिहासात राहिली तर तिने कुणाचं काही बिघडत नाही.

मी रद्द करायला कचरलो, कारण जुन्या आवृत्तीवरचे शेतकरी अडकतील अशी भीती होती. नंतर नीट पाहिलं, तर जे आधीच लॉगिन होते त्यांना ओटीपी लागतच नव्हता. अडकणार होते ते फक्त जुन्या आवृत्तीतून नव्याने लॉगिन करणारे, आणि त्यांना केंद्रावरचा माणूस अपडेट करून देऊ शकत होता. त्या थोड्या लोकांसाठी मी दार सताड उघडं ठेवलं.

क्रम असा ठेवा. नवी की तयार करा आणि फक्त सर्व्हरवर ठेवा. नवी आवृत्ती सोडा. एसएमएसवाल्याच्या पॅनेलमध्ये जुन्या कीवर किती मेसेज जातात ते रोज बघा. रद्द करायची तारीख कॅलेंडरमध्ये आजच टाका, 'बघू नंतर' नको. त्या दिवशी रद्द करा. गैरवापर दिसतोय तर हा क्रम सोडा आणि आत्ता, याच मिनिटाला रद्द करा. लॉगिन चार तास बंद राहिलं तरी चालेल. नवी की केली म्हणजे जुनी आपोआप बंद होते असंही धरू नका, पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालू राहतात.

फोनवर मग उरतं ते लॉगिननंतर सर्व्हरने दिलेलं त्या शेतकऱ्याचं स्वतःचं टोकन. अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये एईएस की बनवा, तिने टोकन कुलूपबंद करून फाइलमध्ये ठेवा. कीस्टोअरमधली की फोनबाहेर जात नाही, आणि इथेच लोक फसतात: ऑटो बॅकअप मुळात चालू असतो, नव्या फोनवर फाइल येते, की येत नाही, आणि अ‍ॅप उघडताच पडतं. ती फाइल बॅकअपमधून वगळा (अँड्रॉइड 12 पासून `dataExtractionRules`, त्याआधी `fullBackupContent`), आणि उलगडता आली नाही तर पुसून सरळ लॉगिनवर न्या. रूट केलेल्या फोनवर चोराला की काढून नेता आली नाही तरी अ‍ॅपच्या नावाने वापरता येते. म्हणून अ‍ॅक्सेस टोकन पंधरा मिनिटांचं ठेवा, आणि रिफ्रेश टोकन सर्व्हरवरून मारता आलं पाहिजे. लॉगआउटला दोन्हीकडे पुसा.

आयफोनवर कीचेन, `ThisDeviceOnly` सह. अ‍ॅप काढलं तरी त्यातलं राहतं, पहिल्यांदा उघडताना साफ करा.

लॉगमध्ये टोकन छापू नका. रिलीजचा एपीके पुन्हा उघडून grep करा.

आणि जुनी की रद्द केल्यावर तीच वापरून स्वतःच्या नंबरवर एक मेसेज पाठवून बघा. पॅनेलवर 'रद्द' दिसतं एवढ्यावर थांबू नका. मेसेज आला तर ती अजून चालू आहे.