मध्यम लांबीचा स्टीलचा स्ट्रट : या चुका टाळा

भोसरीतल्या एका शेडच्या ब्रेसिंगचं गणित गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आलं. स्ट्रट साधा गोल पाइपच होता. बाहेरचा व्यास 88.9 मिमी, जाडी 4 मिमी, यील्ड 240 एमपीए, दोन्ही टोकं पिन, लांबी 2.4 मीटर. क्षेत्रफळ 1067 चौ.मिमी, रेडियस ऑफ जायरेशन 30 मिमी, म्हणून स्लेंडरनेस रेशो 80.

गणित करणाऱ्या मुलानं लिहिलं होतं : या स्टीलसाठी ऑयलरचं सूत्र 91 च्या पुढे लागू होतं, आपला रेशो 80, म्हणजे स्ट्रट आखूड, म्हणून क्रशिंग. क्रशिंग भार 256 किलोन्यूटन, सुरक्षा गुणक 1.1 नं भागून 233.

मला सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. ऑयलर लागू नाही याचा अर्थ बकलिंग नाही असा होत नाही. इथे ऑयलर भार 330 येतो आणि क्रशिंग 256. दोन्ही आकडे इतके जवळ असले की खरी क्षमता दोघांच्याही बरीच खाली असते.

कारण कुठलाच पाइप अगदी सरळ नसतो. भार वाढतो तसा मूळचा बाक वाढतो, बाकामुळे वाकवणारा मोमेंट येतो आणि एका बाजूचा धातू आधी यील्ड होतो. त्यात पाइप घडवताना राहिलेले अंतर्गत ताण भर घालतात. आयएस 800 हे सगळं एकाच काल्पनिक बाकात धरतं. कोल्ड-फॉर्म्ड पाइपला बकलिंगचा वक्र `b` लागतो, आणि या स्ट्रटसाठी तो बाक साधारण 4.7 मिमी निघतो. खाली 309 हा एमपीएमधला ऑयलर ताण आहे, आणि χ म्हणजे क्रशिंग भाराचा हाती उरणारा भाग :

```
λ = √(240/309) = 0.88
φ = 0.5[1 + 0.34(0.88 − 0.2) + 0.88²] = 1.00
χ = 1/(φ + √(φ² − λ²)) = 0.67
```

256 ला 0.67 नं गुणलं की 172, आणि 1.1 नं भागून 157 किलोन्यूटन. पडताळा हातानं करता येतो. 172 ला बाक 1/(1 − 172/330), म्हणजे सुमारे 2.1 पट होतो, जवळजवळ 10 मिमी. त्या मोमेंटचा ताण 78, सरळ दाबाचा 162, बेरीज 240. म्हणजे काठ बरोबर यील्डला पोचतो.

दुसरी चूक म्हणजे वक्र `a` घेणं. तो हॉट-रोल्ड पोकळ सेक्शनसाठी आहे. बाजारातला शिवण-वेल्डचा पाइप बहुधा थंड वळवलेला असतो, त्यामुळे सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय `a` धरू नका.

साइटवर मात्र आधी सूत ताणा. 2.4 मीटरला 2-3 मिमी बाक असेल तर हे गणित चालतं. उतरवताना आपटून 10 मिमी झाला असेल, तर अंतर्गत ताण न धरताही 157 चे सुमारे 126 होतात. असा पाइप मी बदलायला लावतो.