मीटर बदलल्यानंतर बॅटरी चार्ज होत नव्हती: सापडलेले कारण

माझ्या जुन्या गाडीचे बंद पडलेले मीटर काढून दुसऱ्या गाडीतले वापरलेले मीटर बसवल्यावर दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरू लागली. नवी बॅटरी घेतली, अल्टरनेटर तपासून घेतला, बेल्ट बदलला. सारे व्यर्थ गेले आणि मी अक्षरशः हताश झालो.

इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर 12.3 व्होल्ट दिसत, मात्र ॲक्सिलरेटर जोरात दाबताच ते एकदम 14.2 होत. चावी फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तेव्हा चार्जिंगचा दिवा लागतच नव्हता. अशा जुन्या रचनेत अल्टरनेटरला जागे करणारा सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून जातो, आणि या मीटरमध्ये मूळ बल्बऐवजी कोणीतरी एलईडी बसवला होता, ज्यातून तेवढा प्रवाह जात नाही.

प्रथम बॅटरीची ऋण वायर काढली, मीटर बाहेर घेतले, जुन्या मीटरमधला तारेचा बल्ब त्याच्या होल्डरसह बसवला, जोडण्या पूर्ववत केल्या. आता चावी फिरवताच दिवा लागतो, इंजिन सुरू होताच विझतो आणि 14.2 व्होल्ट लगेच मिळतात.

मग उरलेले दिवेही तपासले. ऑइलच्या दाबाच्या स्विचची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवली, तरी त्याचा दिवा पेटला नाही, कारण होल्डर सैल होता. दाब गेला असता तर मला कळलेच नसते. सर्व्हिसचे उरलेले अंतरही आधीच्या गाडीचे होते, म्हणून ऑइल बदलून ते नव्याने सुरू केले.