उलटं भाषांतर अगदी बरोबर आलं आणि तरीही मेल चुकला? या चुका टाळा

आमच्या मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि बाहेरच्या पार्ट्यांचे मेल मी बघतो. मराठीत लिहायचं, टूलमधून जर्मन करायचं, मग ते जर्मन परत मराठीत करून बघायचं, अर्थ जुळला की सेंड. एवढं करूनसुद्धा एकदा फसलो, आणि मेल चेक केला नव्हता असं अजिबात नाही, चेक करण्याची पद्धतच चुकीची होती.

झालं असं की पार्टीने कळवलं, 600 टॉवेलचा रंग जातोय. मामा म्हणाले, "लिही, तेवढे टॉवेल परत पाठवतो म्हणून, आणि खर्च द्यावा लागणार नाही." मी लिहिलं, "ते 600 टॉवेल आम्ही परत पाठवू." जर्मन केलं, उलटं केलं, शब्दन् शब्द तोच आला, मी खूश. तिकडे त्या माणसाने खराब टॉवेल पॅक करून ठेवले आणि गाडीची वाट बघत बसला, कारण त्याला वाटलं की आम्ही ते घेऊन जाणार, दुरुस्त करणार आणि त्यालाच पुन्हा देणार. आम्ही तर बदली नवीन माल द्यायचं म्हणत होतो! आठ दिवस गेले त्यात.

गडबड "परत" या शब्दात होती. मराठीत परत म्हणजे पुन्हा पण आणि माघारी पण. टूलने माघारी धरलं, जर्मनमध्ये `zurück` टाकलं, आणि ते मराठीत आणलं की पुन्हा "परत"च होतं. म्हणजे जो शब्द मराठीतच दुहेरी आहे त्याची चूक मराठीत येऊन दिसतच नाही, झाकली जाते. म्हणून पहिली चूक हीच, की उलटं भाषांतर फक्त मराठीतच करायचं. तेच जर्मन हिंदीत पण करून बघा. हिंदीत "वापस भेजेंगे" आणि "फिर से भेजेंगे" वेगवेगळं आहे, त्यामुळे तिथे लगेच पकडलं जातं.

पण हिंदीवरच सगळा भार टाकू नका, कारण "परवा"ला हिंदीत "परसों" आणि तो पण मागचा की पुढचा ते कळत नाही. वाक्यात क्रियापद असेल तर निभावतं, पण विषयाच्या ओळीत नुसतं "परवाच्या डिस्पॅचबद्दल" असेल तर टूल अंदाजच लावणार. तिथे सरळ तारीख लिहायची, महिना अक्षरात.

अशीच दुसरी जागा म्हणजे कर्ता गाळलेली वाक्यं. "ट्रान्सपोर्टचा खर्च द्यावा लागेल." कोणी? आपल्याला माहीत असतं म्हणून आपण लिहित नाही, जर्मनमध्ये पण "खर्च भरावा लागेल" असं कर्त्याशिवायचं वाक्य बनू शकतं आणि उलटं आलं की एकदम आपल्यासारखंच वाटतं. आणि ज्याने मेल लिहिला तोच वाचत असेल तर त्याच्या डोक्यात उत्तर आधीच असतं. आता मी उलटं आलेलं भाषांतर मावसभावाला देतो, मूळ मेल दाखवत नाही, आणि तीनच गोष्टी विचारतो: कोण काय पाठवणार, पैसे कोण देणार, कधी. तो अडकला की समजायचं पार्टी पण अडकणार.

अजून एक, अदलाबदलीचं बटण दाबून तिथेच उलटं करू नका. तेच टूल असलं की तिरक्या वाक्याचा तोच तिरका अर्थ ते पुन्हा लावू शकतं. गूगलवर केलं असेल तर उलटं बिंगवर करा, आणि मेल पूर्ण पेस्ट करा, कारण "ते" म्हणजे कुठले टॉवेल हे एकट्या वाक्यातून कळत नाही.

आकडे मात्र या पद्धतीने पकडले जातीलच असं नाही. आपण 2,400 किलो लिहितो, जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, म्हणजे ते दोन किलो चारशे ग्रॅम वाचलं जाऊ शकतं, आणि टूलने आकडा तसाच ठेवला तर उलटं करताना पण तसाच दिसतो. साधं 2400 लिहा.

चूक सापडली की जर्मनमधला एखादा शब्द बदलून मोकळं व्हायचं हे पण करू नका, भाषा येत नसताना एक शब्द बदलला की बाकीचं वाक्य बिघडू शकतं. मूळ मराठी वाक्य सुधारायचं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा करायचं. आमचं वाक्य शेवटी असं झालं: "खराब 600 टॉवेल तुमच्याकडेच ठेवा. त्यांच्या बदल्यात आम्ही 600 नवीन टॉवेल पाठवू. नवीन टॉवेलच्या वाहतुकीचा खर्च आम्ही देऊ." हे हिंदीत पण तसंच आलं, मावसभावाने तिन्ही उत्तरं बरोबर दिली, मग पाठवलं.