‘टीचर, तुमचा नंबर देऊ काय?’ : या उत्तरात होणाऱ्या चुका

गेल्या वर्षी जून महिन्यात बेळगावच्या वडगावातल्या एका वहिनींचा मेसेज आला. ‘टीचर, माझ्या भावाच्या ओळखीचे एक जण खानापूरहून तुमचा नंबर विचारालेत. देऊ काय?’ मराठी माध्यमातल्या आठवी ते दहावीच्या पोरांना मी संध्याकाळी घरी कन्नड शिकवते, त्यामुळे कामाचं निमित्त असणार हे कळलं. मी पोळ्या लाटत होते. एका हाताने टाइप केलं : ‘बघू या, हवा तर द्या.’

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला पहिला फोन आला. ते खानापूरचे गृहस्थ बोलायला सभ्य होते. मुलगा दहावीला, कन्नडमध्ये कच्चा, आठवड्यातून दोन दिवस पाठवू का, एवढंच त्यांचं काम होतं. पण त्यांनी माझा नंबर पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कॉन्टॅक्ट म्हणून टाकला होता, ‘चांगल्या टीचर आहेत’ असं लिहून. पुढच्या आठवड्यात अकरा अनोळखी फोन आले. त्यातले दोन शिकवणीचे नव्हतेच. एकाने नुसतं ‘कोण बोलतंय’ विचारून फोन ठेवला आणि नंतर तीन दिवस रोज रात्री मिस्ड कॉल दिले.

वहिनींवर मी मनातल्या मनात बरीच चिडले. नंतर माझाच मेसेज पुन्हा वाचला, आणि चिडायला जागा उरली नाही. त्यांनी देण्याआधी विचारलं होतं. पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत. घोळ माझ्या पाच शब्दांत होता.

‘बघू’ म्हणजे ‘हो’ असतं

मराठीत ‘बघू’ हे सभ्यपणे नाही म्हणणं आहे, असं आपण धरून चालतो. विचारणाऱ्याच्या बाजूने बघा. वहिनींच्या मागे भाऊ लागलाय, भावाच्या मागे ते गृहस्थ. अशा वेळी स्पष्ट ‘नको’ सोडून आलेलं काहीही ‘हो’च ठरतं. मग ते ‘बघू’ असो, ‘हं’ असो, अंगठ्याची खूण असो किंवा नुसते हात जोडलेले असोत. उत्तरच दिलं नाही तर दोन दिवसांनी तेही ‘काही हरकत दिसत नाही’मध्ये जमा होतं.

आपल्याकडे यात आणखी एक वळण असतं. निरोप अर्ध्या वाटेत भाषा बदलतो. वहिनी भावाशी मराठीत बोलल्या. भावाने पुढे ज्याला सांगितलं तो कन्नड बोलणारा होता. ‘बघू’ला कन्नडमध्ये ‘नोडोण’ आहे, तेवढंच मोघम. पण मधल्या माणसाने घाईत ‘आयतु’ म्हटलं की झालं, काम पक्कं. म्हणून नाही म्हणायचं तर दोन्ही भाषांत टिकेल इतकं साधं वाक्य हवं. ‘नंबर देऊ नका.’ ‘नंबर कोडबेडरी.’ याचा दुसरा अर्थ कुणाला काढता येत नाही.

बेळगावातल्या बोलण्यात ‘पण’ या अर्थाने येणारं आपलं ‘खरं’सुद्धा इथे घात करतं. ‘द्या खरं, रात्री फोन करू नको म्हणावं’ या वाक्यातलं फक्त ‘द्या’ पुढे जातं. अटी वाटेत गळतात, कारण त्या बोलून दाखवायला मधल्या माणसाला संकोच वाटतो.

न विचारताच हो किंवा नाही म्हणणं

मला वहिनींना तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. माणूस कोण, काम काय, आणि ते काम माझ्या नंबरशिवाय होईल का. त्यांचं उत्तर ऐकताना कान कशाकडे द्यायचा हे महत्त्वाचं आहे. ‘चांगले लोक आहेत’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ‘भावाच्या ओळखीचे’ म्हणजे वहिनी त्यांना स्वतः ओळखत नाहीत, हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. अशा वेळी सरळ विचारावं : ‘तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोललाय काय?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर त्यांच्या शिफारशीला वजन नाही. त्यात वहिनींचा अपमान नाही.

कामाच्या प्रश्नालाही ‘जरा बोलायचं आहे’ एवढंच उत्तर आलं तर तिथेच थांबावं. ज्याचं काम खरं असतं त्याला ते एका ओळीत सांगता येतं : मुलगा अमुक इयत्तेत आहे, शिकवणी हवी आहे.

तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांत उपयोगाचा. शिकवणी विचारायला नंबर लागतच नाही. वेळ, जागा आणि फी वहिनींनाच माहीत होती, त्यांची मुलगी माझ्याकडेच येत होती.

सबब सांगणं

‘फोन बिघडलाय’, ‘मिस्टरांना आवडत नाही’, ‘सध्या बॅच भरलेली आहे’. प्रत्येक सबबीवर समोरच्याकडे तोडगा तयार असतो. मग मिस्टरांचा नंबर द्या. मग जागा झाली की सांगा. आणि गाव लहान आहे. बॅच भरलीय म्हणून सांगितलं आणि आठवड्याने नवीन पोरगं दारात दिसलं, तर वहिनी तोंडघशी पडतात. ‘माझा नंबर मी अनोळखी माणसांना देत नाही’ या वाक्यावर तोडगा नाही, कारण त्यात सुटण्यासारखी अडचणच नाही. लिहिताना ते उद्धट वाटतं. वाचणाऱ्याला तेवढं वाटत नाही, विशेषतः त्याच्या खालीच दुसरी वाट लिहिलेली असेल तर.

उत्तर एकाच माणसाला जातंय असं समजणं

तुमच्या उत्तराचा स्क्रीनशॉट जाणार, हे धरूनच लिहावं. वहिनींचा त्यात काही वाईट हेतू नसतो. ‘बघा, टीचर स्वतःच असं म्हणाल्या’ हे दाखवलं की त्यांची सुटका होते. पण आपण एकाच मेसेजमध्ये ‘हल्ली कुणाचा काय भरवसा’ लिहिलेलं असतं, आणि ते त्या गृहस्थांपर्यंत जसंच्या तसं पोचतं. वाईटपणा वहिनींच्या पदरात.

त्यामुळे मी आता दोन वेगळे मेसेज पाठवते. यंदा मे महिन्यात वहिनींचाच पुन्हा तसाच मेसेज आला, या वेळी निपाणीकडच्या कुणासाठी. पहिला मेसेज फक्त त्यांना :

‘वहिनी, आधी विचारलंत ते बरं केलंत. माझा नंबर देऊ नका. मागच्या वर्षी फार फोन आले. खालचा मेसेज त्यांना तसाच पाठवा, म्हणजे तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.’

दुसरा, पुढे पाठवण्यासाठी :

‘नमस्कार. कन्नडच्या शिकवणीबद्दल विचारलंत असं कळलं. शनिवारी संध्याकाळी 6 ते 6.30 या वेळेत मुलाला घेऊन या, त्याची वही बघून सांगते. पत्ता वहिनी सांगतील. फोनवर प्रवेश देत नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे असं दिसलं की कुणाला आपल्यावरच संशय घेतल्यासारखं वाटत नाही. ज्याला घरी बोलावणं बरं वाटत नाही, त्याने ‘तुमच्या फोनवरून माझ्याशी बोलणं करून द्या’ असं मधल्या माणसालाच सांगावं. स्पीकरवर पाच मिनिटं बोलणं होतं आणि नंबर कुठेच जात नाही.

‘त्यांचाच नंबर मला पाठवा’ या युक्तीतली मेख

बरेच जण असं सुचवतात. वेळ तुमच्या हाती राहते हे खरं, पण तुम्ही फोन लावताच तुमचा नंबर त्यांच्या स्क्रीनवर उमटतो. व्हॉट्सॲप मेसेजचंही तेच. आगाऊ फी घ्यायची तर यूपीआय आयडी बघून घ्या. बऱ्याच ॲपमध्ये तो मोबाइल नंबरवरूनच बनलेला असतो. ॲपमध्ये दुसरा आयडी करता येतो.

ज्यांना कामासाठी अनोळखी फोन घ्यावेच लागतात त्यांनी दुसरं सिम घ्यावं आणि तोच नंबर सगळ्यांना द्यावा. एक सूचना : ते वापरात ठेवा. 90 दिवस सिम पडून राहिलं तर कंपनी बंद करू शकते, मग तो नंबर दुसऱ्या कुणाला जातो आणि तुमच्या पालकांचे फोन त्याच्याकडे.

नंबर आधीच दिला गेला असेल तर

‘दिलाय हं टीचर, फोन येईल’ असा मेसेज आला तर भांडून उपयोग नाही. कायद्याची भीती घालणंही फोल आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला खरा, पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे आवर घालायचा तो वहिनींशी बोलूनच. ‘तुम्ही कॉन्टॅक्ट पाठवला की नुसता नंबर?’ एवढं विचारा. कॉन्टॅक्ट पाठवला असेल तर तुमचं नाव त्यांनी जसं सेव्ह केलंय तसंच गेलं. माझं गेलं होतं ‘वडगाव कन्नड टीचर’ म्हणून, आणि अनोळखी माणसाला तेवढ्यावरून घर शोधता येतं.

मग व्हॉट्सॲपमध्ये Settings, Privacy इथे जाऊन Profile photo आणि Groups दोन्हींना My contacts करा. त्याच Privacy मध्ये Calls खाली Silence unknown callers आहे. त्याने अनोळखी व्हॉट्सॲप कॉलची रिंग वाजत नाही, यादीत मात्र तो दिसतो. साध्या फोनला हे लागू होत नाही.

पहिला फोन आलाच तर घाईने ‘हो हो’ करत बसू नये. ‘हा माझा घरचा नंबर आहे, पुढे कुणाला देऊ नका’ हे पहिल्या मिनिटातच सांगायचं. खानापूरच्या गृहस्थांना मी हे अकरा फोन झाल्यावर सांगितलं. त्यांनी लगेच ग्रुपमध्ये ‘हा नंबर वापरू नका’ असं लिहिलं, पण तोपर्यंत तो बऱ्याच जणांनी सेव्ह केला होता.

नंबर कळला म्हणजे बँक खातं गेलं, असं नाही. ओटीपी सांगितला किंवा पाठवलेली लिंक उघडून माहिती भरली तर मात्र जातं. पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन करावा. मिस्ड कॉल देणाऱ्याला मी एकदाही उलटा फोन केला नाही, नुसतं ब्लॉक केलं. दुसऱ्या नंबरवरून तो आला नाही.

निपाणीचे पालक शनिवारी सहाला पाच कमी असताना आले. मुलाची वही बघितली, जोडाक्षरं कच्ची होती, प्रवेश दिला. निघताना त्यांनी विचारलं, ‘टीचर, नंबर?’ मी दुसऱ्या सिमचा दिला.