४:०० च्या पेसरनो, या चुका टाळा: पहिल्या तीन किलोमीटरमध्ये गेलेले ४४ सेकंद

चार तासांचा फ्लॅग पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण इंटरनेटवरून तयार पेस बँड छापून घेतात. त्यावर प्रत्येक किलोमीटरला ५:४१ लिहिलेलं असतं. ४२.१९५ किलोमीटरला चार तास म्हणजे सरासरी ५:४१.३, हे बरोबरच आहे. पण मुंबईसारख्या शर्यतीत सीएसएमटीसमोरून हजारो लोकांबरोबर सुटताना पहिला किलोमीटर ५:४१ ला जात नाही. तो ६:०० ते ६:१५ च्या दरम्यान जातो. बँडवर ही गर्दी लिहिलेली नसते, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी बँड हाताने लिहितो. पहिला किलोमीटर ६:०५, दुसरा ५:५५, तिसरा ५:४८. तिसऱ्या पाटीला घड्याळात १७:४८ असायला हवेत. सम वेगाने हेच अंतर १७:०४ ला झालं असतं, म्हणजे ४४ सेकंद मागे. आता उरलेले ३९ किलोमीटर सलग ५:३९ ने धावायचे. तयार बँडपेक्षा दर किलोमीटरला फक्त दोन सेकंद जलद, फ्लॅगमागे धावणाऱ्या घोळक्यातल्या, म्हणजे बसमधल्या कुणाला जाणवतही नाही. मनगटावर एवढंच असतं: ५ किमी २९:०६, १० किमी ५७:२१, अर्धी २:००:०३, ३० किमी २:५०:२१, ४० किमी ३:४६:५१, शेवट ३:५९:१५. अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या तीन सेकंद वर जाते, ती तशीच जाऊ द्यायची. समजा गर्दी फारच निघाली आणि पहिला किलोमीटर ६:३० ला गेला, तरी पुढचा वेग ५:३८ वरच येतो. इतकं मोठं अंतर उरलेलं असताना पंचवीस सेकंदांचा बाऊ करण्याचं कारण नाही.

पण लोक बाऊ करतात. ४४ सेकंद मागे आहोत हे दिसलं की सहाव्या पाटीपर्यंत ते भरून काढायचेच, असा हट्ट धरतात. तीन किलोमीटरमध्ये ४४ सेकंद भरायचे तर ५:२६ ने पळावं लागतं. ५:२६ हा ३:४९ च्या मॅरेथॉनचा वेग आहे. तुमच्या मागे असलेल्या माणसाची कुवत जेमतेम ३:५९ ची असते, म्हणून तर तो तुमच्या मागे आहे. त्याला त्याच्या कुवतीपेक्षा जोरात पळवलं की स्नायूंतली साखर जास्त वेगाने जळते. ते दहाव्या किलोमीटरला कळत नाही, तिसाव्याला कळतं.

एका शर्यतीत मी ४:१५ ची बस चालवत होतो. आमच्या पुढच्या ४:०० च्या पेसरने हेच केलं. अठ्ठाविसाव्या किलोमीटरनंतर त्याच्या बसमधले लोक आम्हाला एकेक करून सापडायला लागले. कंबरेवर हात, टोपीच्या कडेला मिठाचा पांढरा पट्टा, मनगटावर अजून ४:०० चा बँड. एक मुलगी आमच्याबरोबर थोडं धावली आणि म्हणाली, "दादा, सहाव्या किलोमीटरला आम्ही अगदी वेळेत होतो हो." तिला खरंच कळत नव्हतं की बिघडलं कुठे. वेळेत होतो म्हणजे सगळं ठीक, असंच तिला पेसरने सांगितलं होतं. तो स्वतः ३:५८ ला पोहोचला, फ्लॅग उंच धरून, मागे जवळजवळ कुणी नाही. त्याची वेळ अचूक होती आणि बस रिकामी. अशा पेसिंगला मी पेसिंग म्हणत नाही. पेसरची स्वतःची कुवत ३:२५–३:३० ची असते, त्याला ५:२६ सोपंच वाटणार. म्हणून वेग ठरवताना स्वतःच्या दमाला विचारू नका, मागच्यांचा श्वास ऐका. सातव्या किलोमीटरला गप्पा बंद पडल्या असतील तर तुम्ही जोरात चालला आहात.

गर्दीत नागमोडी पळणं ही याचीच धाकटी बहीण. एकटा माणूस फटीतून सुटतो, तीस जणांची बस सुटत नाही, तुटते. एक रेष धरा आणि गर्दी विरळ होण्याची वाट पाहा.

दुसरी चूक जीपीएसची, आणि ती जुने पेसरही करतात. घड्याळावर सरासरी ५:४१ दिसते आहे म्हणजे चार तास पक्के, असं ते धरून चालतात. मार्ग मोजला जातो तो कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, वळणांच्या सर्वांत जवळच्या रेषेने, आणि वर किलोमीटरमागे एक मीटर जादा टाकून. तुमची बस ती रेष कधीच पकडत नाही. त्यात उंच इमारती आणि पुलाखालचे टप्पे आले की घड्याळ आणखी भरकटतं. शेवटी घड्याळ ४२.६ दाखवतं, आणि ४२.६ किलोमीटर ५:४१ ने म्हणजे ४:०२:०७. मागचा माणूस चार महिने राबून आलेला असतो, त्याला या दोन मिनिटांचं काय सांगणार?

ऑटो लॅप बंद करा. प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण स्वतः दाबा आणि एकूण वेळ मनगटावरच्या आकड्याशी जुळवा. घड्याळाची बीप पाटीच्या आधी वाजायला लागली, दहाव्या किलोमीटरपर्यंत शंभर मीटर आधी, की समजा तुमच्या घड्याळाला ५:३९ साठी ५:३६ दाखवावे लागणार आहेत. एखादी पाटीच चुकीच्या जागी उभी असते, मग एक किलोमीटर ५:२० ला आणि पुढचा ५:५८ ला येतो. एका पाटीवरून वेग बदलू नका, पुढची येऊ द्या.

२४० मिनिटांना ४२ ने भागू नका. ५:४३ येतात आणि तुम्ही ४:०१:१३ ला पोहोचता. शेवटच्या १९५ मीटरलाच एक मिनिट पाच-सहा सेकंद लागतात.

पाण्याच्या टेबलाशी बस सात-आठ सेकंद मंदावते. ते पुढच्या दोन किलोमीटरवर वाटा, टेबल सुटल्या सुटल्या पळत सुटू नका. चढाचंही तेच. मुंबईत परतीचा पेडर रोड पस्तिशीच्या पुढे येतो, तोवर सम वेगापेक्षा तुम्ही अठ्ठावीसेक सेकंद पुढे असता. चढाचा किलोमीटर ६:०० ला गेला तरी ते पुरतात, आणि उतारावर निम्मे परत मिळतात. चढावर ५:३९ धरून ठेवणाऱ्याच्या मागे वर पोहोचेपर्यंत अर्धीच बस उरते.

शेवटी ४५ सेकंद कशासाठी राखायचे, हेही बऱ्याच नवख्यांना ठाऊक नसतं. ते पेसरच्या शानसाठी नाहीत. चिपची वेळ प्रत्येकाची वेगळी असते. जो तुमच्या चाळीस सेकंद आधी सुरुवातीची मॅट ओलांडून गेला आणि नंतर तुमच्याबरोबर ३:५९:१५ ला पोहोचला, त्याची वेळ ३:५९:५५ होते. मिनिटभर आधी गेलेल्याची ४:००:१५, तुमच्या खांद्याला खांदा लावून धावूनही. म्हणून सुटण्याआधी कोरलमध्येच मोठ्याने सांगायचं: मॅट माझ्या मागून ओलांडा, आणि जे पुढे निघून जातील त्यांनी चाळिसाव्या किलोमीटरनंतर माझ्या पुढे राहा. वर लावलेलं मोठं घड्याळ गन टाइमचं असतं. ते ४:०१ दाखवत असलं तरी घाबरू नका, हेही तेव्हाच सांगून टाका.