सोफा आणि टीपॉयखालचा गालिचा: फोटोवरून माप कसं काढायचं

हॉलचा फोटो पाहिला की रोज नजरेआड होणारी गोष्ट लगेच खटकते: गालिचा लहान आहे. टीपॉयखाली एक तुकडा अंथरलेला, आणि त्याच्या नि सोफ्याच्या मधे उघड्या फरशीची पट्टी. ती पट्टी दोघांना तोडते. रंग बदलून उपयोग नाही, माप बदलायला हवं.

माप फोटोवर पट्टी ठेवून काढू नका. कॅमेऱ्याजवळचं मोठं दिसतं, लांबचं आखडतं. फरशी चौकोनी असेल तर एक चौकोन टेपने मोजा आणि फोटोत चौकोन मोजत जा. चौकोन दोन फुटांचा असेल आणि सोफा साडेतीन चौकोन व्यापत असेल, तर तो सात फुटांचा. फरशीवर रेघा नसतील तर सरळ टेप घेऊन बसा.

हाच सात फुटी सोफा घेऊ. समोर चार बाय दोन फुटांचा टीपॉय, मधे दीड फूट, म्हणजे पाय सहज जातात आणि कपही हाताशी येतो. लांबी सोपी आहे: सोफ्याच्या दोन्ही बाजूंना गालिचा निदान सहा ते आठ इंच बाहेर दिसावा, म्हणजे साधारण सव्वाआठ फूट. गालिच्याची रुंदी मात्र नीट मोजा, लोक चुकतात ते इथेच. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत म्हणून पाऊण फूट सोफ्याखाली, मग दीड फूट मोकळं, दोन फूट टीपॉय आणि त्याच्या पुढे निदान एक फूट. बेरीज सव्वापाच. म्हणून सहा बाय नऊचा घ्यावा आणि लांब बाजू सोफ्याला समांतर ठेवावी. जास्तीची रुंदी टीपॉयच्या पुढे जाऊ द्या. चार बाय सहाचा टीपॉयच्या मधोमध अंथरला, तर सोफ्याआधी अर्धा फूट फरशी उघडी राहते. फोटोत खटकणारी पट्टी ती हीच.

विकत घेण्याआधी कागदी चिकटपट्टीने फरशीवर सहा बाय नऊची चौकट आखा. सोफ्याखाली जाणारा भाग धरूनच मोजा. मग पहिल्या फोटोच्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून पुन्हा फोटो काढा. वाइड लेन्स टाळा, ती पुढची कड ताणते आणि गालिचा आहे त्याहून ऐसपैस वाटतो. सोफ्याच्या दोन्ही टोकांना चौकटीची रेघ सारखीच बाहेर दिसते का, ते पाहा. एकीकडेच जास्त दिसली तर आधी कॅमेरा सोफ्यासमोर मधोमध आहे ना ते तपासा, मगच चौकट सरकवा. जवळ दार असेल तर ते उघडून बघा. गालिचा जाड निघाला तर दार अडेल.

जाड गालिच्याने आणखी एक होतं. फक्त पुढचे पाय वर गेल्याने सोफा मागे कलतो. तेव्हा मागच्या पायांखाली गालिच्याच्या जाडीचे फेल्टचे तुकडे लावा.